सामाईक भिंत एकदाच आखा

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये वाडे आणि घरे भिंतीला भिंत लागून उभी आहेत. उपग्रहाच्या चित्रावरून अशा घरांच्या बाह्यरेषा आखताना खरी अडचण येते ती या सामाईक भिंतीपाशी.

समजा, चित्रातला एक पिक्सेल ३० सेंटिमीटरचा आहे आणि दोन घरांमधली भिंत १२ मीटर लांब आहे. पहिले घर आखून झाले. दुसऱ्याचा एक कोपरा बरोबर बसला, दुसरा मात्र एका पिक्सेलने चुकला, की पाचरीच्या आकाराची १.८ चौरस मीटरची फट उरते. रेषा आत सरकली, तर तेवढीच जागा दोन्ही घरांच्या क्षेत्रफळात मोजली जाते. पडद्यावर मात्र सगळे ठीकच दिसते.

यावर उपाय म्हणजे स्नॅपिंग. माउस जुन्या कोपऱ्याजवळ गेला की नवा बिंदू आपोआप त्याच कोपऱ्यावर जाऊन बसतो. किती जवळ आल्यावर तो ओढला जावा, हे आपण ठरवायचे, आणि गडबड होते ती इथेच. ही मर्यादा १० पिक्सेल ठेवली, तर साध्या पडद्यावर १:५०० प्रमाणात ती सुमारे १.३ मीटर होते. नकाशा १:२००० वर नेला की तीच मर्यादा पाच मीटरांच्या पुढे जाते. मग अरुंद बोळाच्या पलीकडच्या घराचा कोपरा चिकटतो आणि बोळच नाहीसा होतो. म्हणून मर्यादा मीटरमध्ये ठेवावी, नाहीतर एकाच प्रमाणावर काम करावे.

दुसरे घर पहिल्याच्या भिंतीच्या मध्यावर येऊन टेकत असेल, तर तिथे पहिल्या घराला बिंदूच नसतो. पुढे कुणी तो कोपरा हलवला की फट पुन्हा उघडते. क्यूजीआयएसमध्ये Topological Editing चालू ठेवले, तर शेजारच्या रेषेतही तो बिंदू तयार होतो. Avoid Overlap हा पर्याय नव्या आकृतीचा जुन्यावर आलेला भाग छाटून टाकतो. मात्र जुनी रेषाच चुकलेली असेल, तर नवे घरही त्या चुकीला धरूनच बसते.

शेवटी Topology Checker चालवायचा. "must not overlap" हा नियम घरांना चपखल लागू पडतो. "must not have gaps" हा नियम मात्र घरांनी वेढलेली मोकळी जागाही चूक म्हणून दाखवतो. वाड्याचा चौक ही खरीखुरी मोकळी जागा आहे, तो बुजवायचा नाही. त्यामुळे दाखवलेल्या फटींपैकी दोन-तीन चौरस मीटरहून लहान, लांबट फटी आधी तपासाव्यात आणि बाकीच्या चित्र पाहून सोडून द्याव्यात.

उंच इमारतीचे छप्पर तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात पायापासून सरकलेले दिसते. ते तसेच आखून शेजारच्या घराला चिकटवले, तरी सगळे नियम पाळले जातात. रेषा एकमेकींशी जुळतात की नाही एवढेच नियम सांगतात. त्या जमिनीवरच्या भिंतीशी जुळतात की नाही, हे आखणाऱ्यानेच पाहायचे असते.