कोपऱ्याला कान

थ्री-डी प्रिंटरवर एबीएस प्लास्टिकची १४० मिलिमीटर लांब, ८० मिलिमीटर रुंद अशी पेटी छापायला घेतली, की सुरुवातीचे थर अगदी सपाट बसतात. पेटी दीड-दोन सेंटिमीटर उंच झाली, की एखाद्या कोपऱ्याखाली केसाएवढी फट दिसू लागते. छपाई संपेपर्यंत तो कोपरा दोन-तीन मिलिमीटर वर आलेला असतो, आणि तळाला कायमचा बाक बसतो. अशी पेटी टेबलावर ठेवली तर डुगडुगते आणि तिचं झाकण नीट बसत नाही.

हा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. एबीएसची वितळलेली तार २४० अंशांच्या आसपास नोझलमधून बाहेर पडते आणि १०० अंशांवर तापवलेल्या पत्र्यावर, म्हणजे बेडवर, ०.२ मिलिमीटरच्या थरांनी रचली जाते. बेडची ऊब खालच्या थरांपर्यंतच पोचते. वरचे थर खोलीच्या हवेत निवतात आणि निवताना आखडतात. एबीएसची एक मीटरची पट्टी एका अंशाने थंड झाली, की साधारण ०.०९ मिलिमीटर आखूड होते. आपल्या पेटीची १४० मिलिमीटरची बाजू ७० अंशांनी निवली, तर तिला जवळजवळ ०.९ मिलिमीटर आखडायचं असतं. तळ मात्र बेडला चिकटलेला आणि गरम, त्याला हलता येत नाही. वरचा भाग आत ओढतो, खालचा जागा सोडत नाही, आणि त्या ओढाताणीत कडा वर वळतात. पीएलए आखडतंही थोडं कमी आणि मुळात कमी तापमानाला घट्ट होतं, म्हणून त्यात हा त्रास सौम्य असतो. आणि हो, एबीएस छापताना खोलीतला पंखा बंद ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण त्या वाऱ्याने वरचे थर आणखी झपाट्याने निवतात.

कोपराच का उचलतो, हे कळलं की उपाय आपोआप कळतो. स्टीलच्या नव्या भांड्यावरचं लेबल आपण मधून ओढून काढत नाही. नखाने कोपरा उकरतो आणि मग सोलत जातो, कारण टोकावर धरून ठेवणारा डिंक थोडासाच असतो आणि सगळा जोर तिथेच एकवटतो. पेटीच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंची ओढ एकत्र येते, तो मध्यापासून सर्वांत लांब असतो, आणि त्याच्या टोकाखाली चिकटलेली जागा जवळपास नसतेच. सोलणं सुरू व्हायला याहून सोयीची जागा नाही. म्हणून कोपऱ्याला अधिक डिंक लावण्यापेक्षा तिथली मोकळी कड दूर सरकवणं जास्त उपयोगाचं.

‘माउस इअर’, म्हणजे उंदराचे कान, हेच करतात. प्रत्येक कोपऱ्यावर मध्य धरून १६ मिलिमीटर व्यासाची, एकाच थराची गोल चकती छापायची. तिचा तीन चतुर्थांश भाग पेटीबाहेर राहतो, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला सुमारे १५० चौरस मिलिमीटर जादा पकड मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोपऱ्याचं टोक आता चकतीच्या मधोमध आहे आणि त्याच्या चहूबाजूंना चिकटलेलं प्लास्टिक आहे. सोलायला सुरुवात करण्यासारखी कड आठ मिलिमीटर लांब गेली, आणि तीही गोल, टोक नसलेली. चकतीवर पुढचे थर चढत नाहीत, त्यामुळे तिला वर ओढणारं स्वतःचं असं काही नसतं. तिची जाडी ०.२ मिलिमीटरच असणं हीच तिची ताकद.

पूर्वी हे कान आराखड्यातच हाताने जोडावे लागत. आता ऑर्का स्लायसरसारख्या प्रणालीत `Brim type` मध्ये `Mouse ear` निवडलं, की ती टोकदार कोपरे स्वतः शोधते.

ब्रिम म्हणजे हीच कल्पना सगळ्या कडेभोवती, टोपीच्या काठासारखी फिरवलेली. मग नेहमी ब्रिमच का वापरू नये? प्लास्टिकच्या खर्चामुळे नव्हे. आपल्या पेटीला आठ मिलिमीटरची ब्रिम दिली तर एक ग्रॅमही लागत नाही. खरा खर्च नंतरच्या हातकामाचा असतो. ४४० मिलिमीटर कड पात्याने खरवडायची आणि तरीही तिच्यावर पुसट पांढरी रेघ राहायची. पेटीसारख्या वस्तूत सरळ बाजू बहुधा स्वतःच तग धरतात, त्यामुळे तिथे ब्रिम फिरवणं मला तरी उगाचची मेहनत वाटते.

ब्रिमची खरी जागा वेगळी आहे. ८ मिलिमीटर चौरस आणि १५० मिलिमीटर उंच असा खांब छापायचा आहे असं धरा. इतक्या छोट्या तळाला आखडण्याचा त्रास जवळपास नाही. तो पडतो तरफेच्या नियमाने. वरच्या थराची एखादी कड किंचित वळते, जाता-येता नोझल तिला धक्का देतं, आणि १५० मिलिमीटर उंचीवरचा तो हलका धक्का तळाशी खांब उपटायला पुरतो. चारी बाजूंना आठ-आठ मिलिमीटर ब्रिम दिली, की तळ २४ मिलिमीटरचा होतो. चिकटलेली जागा नऊपट होते, आणि उलथण्याविरुद्धची ताकद कागदावर सत्तावीसपट. प्रत्यक्षात एवढी मिळत नाही, कारण पातळ ब्रिम खांबाच्या बुडाशी वाकते. तरी फरक डोळ्यांना दिसेल एवढा पडतो. इथे चार कान दिले तर ते एकमेकांत मिसळून ब्रिमच तयार होईल. मात्र खांब वर झुलत असेल आणि त्याच्या अंगावर लाटा उमटत असतील, तर ब्रिमचा उपयोग नाही. तो आडवा छापावा. तसा तो मजबूतही होतो, कारण वाकवणारा जोर थरांच्या सांध्यांवर येत नाही.

राफ्ट म्हणजे वस्तूखाली आधी छापलेला काही थरांचा तराफा. २००९ च्या मेकरबॉट कपकेकसारख्या सुरुवातीच्या घरगुती यंत्रांत बेड न तापणारा ॲक्रिलिकचा होता, तेव्हा राफ्ट हाच भरवशाचा आधार होता. बेड वाकडा असेल किंवा वस्तू दोन-चार बारीक टोकांवरच टेकत असेल, तर तो आजही कामाचा आहे. पण नंतर सोडवता यावा म्हणून राफ्ट आणि वस्तू यांच्यात मुद्दाम फट ठेवतात, ०.१ ते ०.३ मिलिमीटरची. म्हणजे पकड तिथेच सर्वांत कमकुवत. ओढ जोरदार असेल तर राफ्ट बेडला घट्ट राहतो आणि पेटीचा कोपरा राफ्टवरून सुटतो. शिवाय तळ खरखरीत होतो आणि आठ-दहा ग्रॅम प्लास्टिक जातं ते वेगळंच. उचलणाऱ्या कोपऱ्यावर राफ्ट हा माझ्या मते चुकीचा इलाज.

कान देऊनही कोपरा उचलला, तर काय सुटलं ते पाहावं. कानासकट कोपरा वर आला, तर बेडवरची पकडच कमी आहे. बेड थंड असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि पहिला थर जरा दाबून बसेल इतकं नोझल खाली आणावं. कान बेडवर आणि कोपरा त्यापासून फाटून वर, असं असेल तर आधी `Brim-object gap` पाहावी. ती सहसा ०.१ मिलिमीटर असते, ती शून्य करावी. मग कान कापून काढावा लागेल, पण मध्ये फट राहणार नाही. एवढ्यानेही न जमल्यास कान हाताने काढून दोन थरांचा करावा. आणि कान, कोपरा, तळ सगळं जागच्या जागी असताना पेटीच्या भिंतीतच मधल्या उंचीवर आडवी चीर पडली, तर बेडजवळ करण्यासारखं काही उरत नाही. ओढ तेवढीच आहे, फक्त तिने आता थरांमधला सांधा निवडला आहे. अशा वेळी यंत्राभोवती बंद खोकं करून आतली हवाच गरम ठेवावी लागते.