पातळ ऑइलने ॲव्हरेज खरंच किती वाढतं?

सर्व्हिसिंगच्या काउंटरवर ऑइलचे दोन डबे समोर येतात. एकावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ०डब्ल्यू-२०. दुसरा थोडा महाग असतो आणि त्याच्यावर इंधन बचतीचा दावा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी आता वीस देईल, अशी आशा मालकाच्या मनात तयार होते. प्रत्यक्षात ती साधारण १८.२ देते. वाढ असते, पण इतकीच.

आकडा एवढा छोटा का, हे इंजिनात डोकावलं की कळतं. फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रवासी गाड्यांमधल्या घर्षणाचा हिशेब मांडला. पेट्रोलमधल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे साडेअकरा टक्के ऊर्जा इंजिनच्या आतल्या घर्षणात जाते, असं त्यांना आढळलं. साधारण तेवढीच टायरच्या घर्षणात जाते. इंजिनातलं हे सगळं घर्षण पातळ ऑइलने कमी होत नाही. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकत नाही, मधल्या ऑइलच्या थरावर तरंगतो. तिथे विरोध येतो तो ऑइलच्या दाटपणाचाच. तो कमी केला की इंधन वाचतं. कॅम आणि व्हॉल्व्हच्या जोडीत मात्र थर इतका बारीक असतो की धातू जवळजवळ एकमेकांना घासतात. तिथे पातळ ऑइल उलट घर्षण वाढवू शकतं. म्हणूनच अशा ऑइलमध्ये मॉलिब्डेनमची संयुगं मिसळतात. ती धातूवर एक निसरडा थर धरतात. एकीकडे मिळवलेलं थोडं दुसरीकडे द्यावं लागतं, आणि हाती उरतो तो एक-दोन टक्क्यांचा फरक.

मग डब्यावरचे मोठे आकडे येतात कुठून? तुलना कशाशी केली आहे, यात त्याचं उत्तर आहे. अमेरिकी आणि जपानी मोटार कंपन्यांच्या जीएफ-६ए या मानकासाठी ३.६ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनावर चाचणी घेतात. त्यात प्रत्येक ऑइलची तुलना २०डब्ल्यू-३० या जाड संदर्भ ऑइलशी होते. इंजिन शंभराहून जास्त तास चालवून ऑइल जुनं करतात आणि मग पुन्हा मोजतात. या दुसऱ्या मोजणीत २० ग्रेडच्या ऑइलने किमान १.८ टक्के बचत दाखवावी लागते, ३० ग्रेडच्या ऑइलने किमान १.५ टक्के. म्हणजे जाड संदर्भ ऑइल बाजूला ठेवून या दोन ग्रेडच्या किमान अटीच एकमेकींशेजारी मांडल्या, तर अंतर उरतं ०.३ टक्क्यांचं. मालकाच्या गाडीत आज २०डब्ल्यू-३० नसतंच, ५डब्ल्यू-३० असतं. त्याला उपयोगी पडणारी तुलना ही दुसरी आहे, आणि ती जाहिरातीत क्वचितच दिसते.

अमेरिकी सरकारचं ग्राहकांसाठीचं मार्गदर्शनही याच्या आसपासच आहे. ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातलं, तर ॲव्हरेज एक ते दोन टक्क्यांनी घटतं. ५डब्ल्यू-२० साठीच्या इंजिनात ५डब्ल्यू-३० घातलं, तर एक ते दीड टक्क्याने.

पुण्यातली एखादी छोटी पेट्रोल कार घेऊ. वर्षाला बारा हजार किलोमीटर, ॲव्हरेज अठरा. म्हणजे ६६७ लिटर पेट्रोल. एक टक्का बचत धरली, तर वर्षाला पावणेसात लिटरच्या आसपास वाचतात. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं, तर सुमारे सातशे रुपये. इंजिनात साडेतीन लिटर ऑइल बसतं आणि पातळ ऑइल लिटरमागे दीडशे रुपयांनी महाग पडलं, तर त्यातले सव्वापाचशे तिथेच गेले. कंपनीने तेच ऑइल सांगितलं असेल, तर ते घालायलाच हवं. पण निव्वळ पैसे वाचतील म्हणून ग्रेड बदलण्यात फारसा अर्थ नाही.

आपल्या हवेचाही यात वाटा आहे. साधारण १५डब्ल्यू-४० आणि ०डब्ल्यू-२० यांची तुलना केली, तर ४० अंशांना पहिलं दुसऱ्याच्या दुपटीहून दाट असतं. इंजिन तापून ऑइल १०० अंशांवर गेलं की हे अंतर पावणेदोन पटीपर्यंत उतरतं. म्हणून सगळ्यात जास्त फायदा थंड इंजिनाला आणि छोट्या फेऱ्यांना होतो. कॅनडातल्या जानेवारीत हा फरक मोठा असतो. मुंबईच्या मे महिन्यात, पहाटेसुद्धा तीस अंशांच्या आसपास उभ्या असलेल्या गाडीत, तो बराच कमी होतो.

टाकी फुल करून एवढा फरक पकडताही येत नाही. पंपावरची नोझल कधी अर्धा लिटर आधी बंद होते, कधी थोडी उशिरा. पस्तीस लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजेच जवळपास दीड टक्का, शोधायच्या फरकाहून मोठी चूक. त्यात ऑइल बदलताना एअर फिल्टर बदललेला असतो आणि हवाही भरलेली असते. चारही टायरमध्ये सरासरी पाच पीएसआय हवा कमी असेल, तर ॲव्हरेज सुमारे एक टक्क्याने उतरतं. सर्व्हिसिंगनंतर सुधारलेलं ॲव्हरेज ऑइलच्या नावावर जमा होतं ते असं.

ट्रकवाल्यांनी मात्र या एका टक्क्याकडे दुर्लक्ष करू नये. उत्तर अमेरिकेतल्या मालवाहतूक कार्यक्षमता परिषदेच्या अभ्यासात १५डब्ल्यू-४० सोडून ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० वापरणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रकना अर्धा ते दीड टक्का बचत अपेक्षित धरली आहे. वर्षाला एक लाख किलोमीटर धावणारा आणि लिटरला चार देणारा ट्रक पंचवीस हजार लिटर डिझेल जाळतो. अर्धा टक्का धरला तरी सव्वाशे लिटर झाले. नव्वद रुपये दराने अकरा हजारांवर. पन्नास ट्रक असलेल्या मालकासाठी ही रक्कम साडेपाच लाखांच्या पुढे जाते. मोटार कंपन्यांचं गणितही असंच आहे. २०२२-२३ पासून भारतात कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा ११३ ग्रॅम प्रति किलोमीटरच्या आसपास आली. लाखो गाड्या विकणाऱ्याला अर्धा टक्काही सोडून चालत नाही. पातळ ऑइलचा आग्रह कंपन्यांकडून येतो त्याचं हे मोठं कारण आहे.

धोका आहे तो जुन्या किंवा जाड ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात पातळ ऑइल ओतण्यात. दीडशे अंशांच्या तापमानात, जोरात घासलं जाताना ऑइल किती दाट राहतं, याचा एक आकडा असतो. २० ग्रेडसाठी तो किमान २.६ हवा, १५डब्ल्यू-४० साठी ३.७. अनेक युरोपीय इंजिनांना किमान ३.५ लागतो. तिथे २० ग्रेड घातलं, तर चढावर पूर्ण भार असताना बेअरिंगमधला थर फाटू शकतो. दोन लक्षणं मालकाला स्वतःला दिसतात. तापलेलं इंजिन सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, आणि दोन सर्व्हिसिंगमध्ये डिपस्टिकवरची पातळी पूर्वीपेक्षा जास्त उतरते. यातलं काहीही दिसलं, तर मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनासाठी दिलेल्या जाड ग्रेडवर परत जावं. मोटरसायकलची बाब वेगळी आहे. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं ऑइल तिथे घातलं, तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही. त्यासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलंच ऑइल घ्यावं लागतं.