चार वजीर आणि हिशेबी माघार

कागदावर चार बाय चारचा पट आखा आणि चार चिंचोके घ्या. प्रत्येक चिंचोका म्हणजे बुद्धिबळातला वजीर. वजीर आडवा, उभा आणि तिरका कितीही घरे मारतो. चौघांपैकी कोणीही कोणाच्या माऱ्यात येणार नाही, असे त्यांना बसवायचे आहे.

मूळ कोडे आठ बाय आठच्या पटाचे. माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने ते 1848 मध्ये मांडले आणि दोनच वर्षांत फ्रान्झ नाउक यांनी त्याची सगळी 92 उत्तरे दिली. संगणकशास्त्राच्या वर्गात 'बॅकट्रॅकिंग' शिकवताना आजही हेच कोडे फळ्यावर येते. आपल्याला मात्र चारांचे पुरे, कारण ते हाताने शेवटपर्यंत खेळता येते.

एका आडव्या ओळीत दोन वजीर बसूच शकत नाहीत, म्हणजे प्रत्येक ओळीत एकेकच. वरून खाली जायचे आणि प्रत्येक ओळीत डावीकडून एकेक घर तपासायचे. पहिल्या ओळीत पहिले घर घेऊ. दुसऱ्या ओळीत पहिले घर त्याच्या सरळ खाली आणि दुसरे तिरक्या माऱ्यात, म्हणून तिसरे. आता तिसऱ्या ओळीकडे पाहा. पहिल्या आणि तिसऱ्या घरावर वरचे वजीर सरळ मारतात. दुसरे आणि चौथे दुसऱ्या ओळीतल्या वजिराच्या तिरक्या माऱ्यात. चारही घरे बाद.

इथे बहुतेक जण वैतागून सगळे चिंचोके गोळा करतात आणि पहिल्यापासून मांडतात. तसे करायचे नाही. फक्त शेवटचा चिंचोका उचलायचा आणि तो जिथे होता त्याच्या पुढच्या घरापासून शोध चालू ठेवायचा. म्हणून दुसऱ्या ओळीत आता चौथे घर. तिसऱ्या ओळीत दुसरे घर मोकळे मिळते, पण चौथ्या ओळीत पुन्हा सगळे बंद. तिसरा उचला, त्याची उरलेली दोन्ही घरेही माऱ्यातच आहेत. दुसरा उचला, त्याला घरेच उरली नाहीत. आता पहिलाही उचलावा लागतो, आणि एक गोष्ट पक्की होते: कोपऱ्यातून सुरू होणारे एकही उत्तर नाही. ती फांदी कायमची छाटली गेली.

पहिला वजीर दुसऱ्या घरात ठेवला की दुसऱ्या ओळीत फक्त चौथे, तिसरीत पहिले आणि चौथीत तिसरे घर. चारही बसले! आठ वेळा वजीर ठेवला आणि चार वेळा उचलला. एवढ्यात काम झाले. सुरुवातच दुसऱ्या घरापासून केली असती, तर एकदाही उचलावा लागला नसता. म्हणजे पर्याय कोणत्या क्रमाने तपासतो यावर कष्ट ठरतात, पण उत्तर आहे की नाही, हे त्यावर ठरत नाही.

संगणकाला पट दिसत नाही. कोणती उभी रांग आणि कोणती तिरकी रेघ अडली आहे, याच्या खुणा तो मनात ठेवतो. वजीर उचलताना त्याच्या खुणाही पुसाव्या लागतात, आणि नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते. आपल्याच खेळात दुसऱ्या ओळीतला वजीर तिसऱ्या घरातून उचलला, पण 'तिसरी उभी रांग अडलेली' ही खूण राहून गेली असे समजा. मग शेवटच्या ओळीत नेमके हवे असलेले तिसरे घर नाकारले जाईल. पटावर नसलेला वजीर मारत राहील आणि प्रोग्राम बिनदिक्कत सांगेल, 'उत्तर नाही'. कुठेही त्रुटीचा संदेश येणार नाही. म्हणून असा प्रोग्राम आधी चारच्या पटावर चालवून बघावा. तिथे नेमकी दोन उत्तरे यायला हवीत, आपले आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब. तीनच्या पटावर एकही येता कामा नये, कारण तिथे उत्तर खरोखरच नाही.

आठच्या पटावर प्रत्येक ओळीत एक या हिशेबाने 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 मांडण्या होतात. मार्‍यात आलेले घर तिथल्या तिथे सोडत गेले, तर सगळी 92 उत्तरे मिळेपर्यंत वजीर फक्त 2,056 वेळा ठेवावा लागतो. एक वजीर चुकला की त्याखालच्या हजारो मांडण्या न बघताच बाद होतात, ही सगळी बचत तिथली. पण पट वाढला की बचतही अपुरी पडते. 27 च्या पटावरची उत्तरे जर्मनीतल्या ड्रेस्डेन विद्यापीठातल्या गटाने 2016 मध्ये मोजून संपवली, तीही खास जुळवलेल्या यंत्रणेवर. उलट एकच उत्तर हवे असेल, तर मोठ्या पटासाठीही वजीर बसवण्याचे थेट सूत्र आहे. तिथे ही पद्धत वापरणे म्हणजे फुकटची हमाली.

हातात चिंचोके आहेतच, तर आणखी दोन घेऊन सहाचा पट आखा. त्याला चारच उत्तरे आहेत आणि त्यातले एकही कोपऱ्यातून सुरू होत नाही.