सिनेमा सुरू होताच स्टिक रिस्टार्ट का होते?

शनिवारची रात्र. जेवणं उरकून सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं. स्टिकची होम स्क्रीन नीट दिसते, ॲप उघडतं, सिनेमाच्या चित्रावर रिमोटचं बटण दाबलं जातं. पडद्यावर लहानसं वर्तुळ फिरू लागतं आणि अचानक काळोख. थोड्या वेळाने कंपनीचा लोगो उगवतो, म्हणजे स्टिक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. आधी वाय-फायवर संशय जातो, मग ॲपवर, आणि शेवटी "स्टिकच गेली" असा निकाल लागतो.

अशा वेळी टीव्हीच्या मागे डोकावून पाहावं. स्टिकची केबल भिंतीवरच्या सॉकेटकडे न जाता टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचलेली असेल, तर स्टिक बहुधा धडधाकट आहे. तिला वीज कमी पडते आहे. तिच्यासोबत आलेला अडॅप्टर खोक्यात तसाच पडून असतो आणि खोकं माळ्यावर.

केबल टीव्हीत लावण्यामागे कारण असतं. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीमागे सॉकेट एखाददुसरंच असतं. त्यात टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स बसले की जागा संपते. यूएसबी पोर्ट मात्र टीव्हीच्या अंगालाच असतो, केबल लोंबकळत नाही आणि टीव्ही बंद केला की स्टिकही बंद होते. सोय खरी आहे. प्रश्न एवढाच, की त्या पोर्टमधून किती वीज मिळते आणि स्टिकला किती लागते.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. स्टिक टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसते, तर तिथूनच तिला वीज का मिळत नाही, असं अनेकांना वाटतं. एचडीएमआयमध्ये ५ व्होल्टची एक तार असते, पण तिची दिशा उलटी आहे. चित्र पाठवणाऱ्या यंत्राने टीव्हीला त्या तारेवरून थोडी वीज द्यायची असते, आणि तीही जेमतेम ५५ मिलिअँपिअर. त्यावर छोटासा संगणक चालत नाही. म्हणून स्टिकला विजेसाठी वेगळी केबल लागतेच.

आता पोर्टकडे वळू. यूएसबी २.० च्या मानकानुसार एका पोर्टने ५ व्होल्टवर ०.५ अँपिअर, म्हणजे २.५ वॉट द्यायचे असतात. यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॉट झाली. टीव्हीवरचा पोर्ट मुळात पेन ड्राइव्हवरचे फोटो आणि गाणी वाचण्यासाठी दिलेला असतो, त्याला ०.५ अँपिअर पुरतात. याउलट फायर टीव्ही स्टिकच्या अनेक मॉडेलांसोबत ५ वॉटचा अडॅप्टर येतो. गूगलने २०२० मध्ये आणलेल्या 'क्रोमकास्ट विथ गूगल टीव्ही'सोबत ७.५ वॉटचा अडॅप्टर होता. म्हणजे साध्या पोर्टच्या दुप्पट ते तिप्पट. २०१३ च्या पहिल्या क्रोमकास्टचं काम बेताचं होतं, त्यामुळे अनेक टीव्हींच्या पोर्टवर तो चालून जाई. पुढे ४के चित्र आलं, प्रोसेसर तगडे झाले आणि भूक वाढली.

मग होम स्क्रीन तरी कशी दिसते? कारण स्टिक सगळा वेळ सारखी वीज खात नाही. नुसती होम स्क्रीन दाखवताना ती निवांत असते. ॲप उघडताना प्रोसेसर जोर लावतो, वाय-फायचा रेडिओ वेगाने माहिती मागवू लागतो आणि त्याच वेळी चित्र उलगडणारा भाग जागा होतो. हे तिन्ही एकत्र आले की विजेची मागणी क्षणभर एकदम वर जाते. घात त्या क्षणी होतो. म्हणून ही तक्रार ठरावीक ठिकाणी दिसते: सुरू होताना लोगोवर, ॲप उघडताना, किंवा सिनेमाचं पहिलं दृश्य येता येता.

या गोष्टीत केबलचाही हात असतो, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तांब्याची तार जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा विरोध जास्त आणि तितके व्होल्ट वाटेतच खर्च. स्वस्त केबलमध्ये अनेकदा २८ गेजची तार असते. तिचा विरोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल दोन मीटरची असली तरी वीज जाऊन परत येते, म्हणून तार मोजायची चार मीटर. एकूण विरोध सुमारे ०.८५ ओहम.

समजा, होम स्क्रीनवर स्टिक ०.४ अँपिअर घेते आहे. विरोधाला प्रवाहाने गुणलं की वाटेतली घट मिळते: ०.३४ व्होल्ट. पोर्टवर ५ व्होल्ट असतील तर स्टिकपर्यंत ४.६६ पोचतात आणि काम भागतं. आता सिनेमा लावला आणि मागणी क्षणभर ०.९ अँपिअरवर गेली. घट पाऊण व्होल्टच्या वर जाते आणि स्टिकच्या तोंडाशी ४.२३ व्होल्टच उरतात. हाही हिशोब पोर्टने स्वतः ५ व्होल्ट टिकवून धरले तरचा. मर्यादेपलीकडे ताण आला की पोर्टचे व्होल्टही खाली येतात. हीच केबल जाड, २४ गेजची असती, तर तेवढ्याच प्रवाहाला घट ०.३ व्होल्ट झाली असती आणि ४.७ व्होल्ट पोचले असते.

व्होल्ट एका पातळीखाली गेले की स्टिकमधला वीज सांभाळणारा भाग प्रोसेसरला थांबवतो. अपुऱ्या विजेवर प्रोसेसर चुकीची माहिती लिहू शकतो, म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. प्रोसेसर थांबला की मागणी ओसरते, व्होल्ट पुन्हा ५ च्या जवळ येतात आणि स्टिक नव्याने सुरू होते. पुन्हा ॲप, पुन्हा मागणी, पुन्हा घसरण. काही टीव्हींमध्ये पोर्टचं स्वतःचं संरक्षणही असतं. जास्त प्रवाह ओढला गेला की पोर्ट वीज तोडतो आणि जरा वेळाने परत देतो. बघणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात: लोगो, काळोख, लोगो.

शेजारच्या घरी तीच स्टिक टीव्हीच्या पोर्टवर बिनतक्रार चालते, याचंही उत्तर इथेच आहे. काही टीव्हींवर एका पोर्टजवळ 'एचडीडी' आणि '१ अँपिअर' असं छापलेलं असतं. हार्ड डिस्क चालावी म्हणून तो पोर्ट जास्त वीज देतो. काही टीव्ही छापल्यापेक्षा थोडा जास्त प्रवाह मुकाट्याने देतात. त्यावर केबल आखूड आणि स्टिक जुनी, साध्या एचडी चित्राची असेल, तर काम निभावतं.

पुरेशी वीज देणाऱ्या पोर्टचीही एक अडचण राहते. रिमोटने टीव्ही बंद केला की बहुतेक टीव्हींचा यूएसबी पोर्टही बंद होतो. मग स्टिक झोपेत जात नाही, तिची वीजच तुटते. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापासून सुरू होते आणि लोगो पाहत बसावं लागतं. स्टिकच्या रिमोटने टीव्ही चालू करण्याची सोयही निकामी होते, कारण तो हुकूम पाठवायला स्टिक जागी हवी. याहून महत्त्वाची बाब अपडेटची. स्टिक सहसा रिकाम्या वेळी, टीव्ही बंद असताना, नवं सॉफ्टवेअर उतरवून घेते. तिला वीजच नसेल तर ते राहून जातं किंवा ऐन सिनेमाच्या वेळी सुरू होतं. अपडेट लिहिलं जात असताना कुणी टीव्ही बंद केला, तर स्टिक लोगोवरच अडकून बसण्याचा धोका असतो.

दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी दहा मिनिटांत कळतं. पहिल्या फेरीत केबल तीच ठेवायची, फक्त तिचं टोक टीव्हीतून काढून अडॅप्टरला लावायचं आणि जिथे स्टिक बंद पडत होती तोच सिनेमा लावायचा. रिस्टार्ट थांबला, तर पोर्ट अपुरा होता. थांबला नाही, तर दुसऱ्या फेरीत अडॅप्टर तोच ठेवून केबल बदलायची, शक्यतो स्टिकसोबत आलेली किंवा आखूड आणि जाड. दोन्ही एकदम बदलले तर दोषी कोण ते कळत नाही. दोन्ही फेऱ्यांनंतरही त्रास उरला, तर कारण वेगळं आहे. उष्णतेची खूण अशी, की स्टिक अर्धा-पाऊण तास नीट चालते, मग बंद पडते आणि हात लावला तर चटका बसतो. टीव्हीमागे हवा खेळत नसेल, तर खोक्यातल्या आखूड एचडीएमआय केबलने तिला थोडं बाहेर काढावं. एकाच ॲपमध्ये त्रास होत असेल, तर ते ॲप काढून पुन्हा टाकून बघावं.

मूळ अडॅप्टर हरवला असेल तर मोबाइलचा चालतो का? चालतो, फक्त त्यावर ५ व्होल्ट आणि निदान १ अँपिअर लिहिलेले हवेत. ४के स्टिकला २ अँपिअरचा असलेला बरा. जास्त अँपिअरच्या अडॅप्टरने स्टिक जळेल ही भीती निराधार आहे, कारण प्रवाह किती घ्यायचा ते स्टिक ठरवते, अडॅप्टर फक्त मर्यादा सांगतो. वेगवान चार्जरही समोरच्या यंत्राने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाहीत. सावध राहायचं ते नाव-गाव नसलेल्या अडॅप्टरपासून. त्यावर २ अँपिअर छापलेले असले, तरी ताण येताच व्होल्ट घसरतात.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक बाब तपासावी लागते. टीव्हीचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि स्टिकचा अडॅप्टर साध्या बोर्डवर असेल, तर लाइट गेल्यावर टीव्ही चालू राहतो आणि स्टिक बंद पडते. ते रिस्टार्टच वाटतं, पण स्टिकचा त्यात काही दोष नसतो. दोन्ही प्लग एकाच लाइनवर घेतले की हा प्रश्न सुटतो.

टीव्हीचा पोर्ट वापरायचाच असेल, तर त्यावर १ अँपिअर लिहिलेलं असावं, केबल आखूड असावी आणि स्टिक साध्या एचडीची असावी. ४के स्टिकला मात्र भिंतीवरचं सॉकेटच द्यावं, त्यासाठी टीव्हीमागे एक एक्स्टेंशन बोर्ड बसवावा लागला तरीही. नवी स्टिक आणायला निघण्याआधी माळ्यावरचं खोकं खाली काढा आणि त्यातला अडॅप्टर एकदा लावून पाहा.