आबांच्या शिट्टीतलं हसू

माणूस गेला की त्याच्या वस्तू वाटून घेता येतात. शिट्टी वाटता येत नाही. आमचे आबा पहाटे रंकाळ्यावर फिरायला निघत ते एकच चाल शिट्टीवर वाजवत. ती कुठली, हे घरात कोणी कधी विचारलं नाही. त्यांच्या मागे विचारावंसं वाटलं, तेव्हा प्रत्येकाकडे वेगळं उत्तर होतं. आत्याच्या मते ते कुठलंसं नाट्यपद होतं, काकांच्या मते लष्करी बँडवरची चाल. मामेभाऊ म्हणाला, "सिनेमातलं आहे लेका, एवढं काय शोधायचंय!"

अशा शोधात पहिली अडचण शिट्टीचीच असते. गाण्याला शब्द असतात, ठेका असतो, मागे वाद्यं असतात. शिट्टीत फक्त एकामागून एक सूर येतात, आणि तेही गळ्यापेक्षा खूप वरच्या पट्टीत. त्यामुळे चाल 'काळी चार'मध्ये होती की 'पांढरी एक'मध्ये, याला काही अर्थ नसतो. सूर चढला, उतरला की तिथंच थांबला, हेच खरं. डेनिस पार्सन्स नावाच्या इंग्रजाने १९७५ साली या तीन खुणांवरून चाल शोधायचा एक कोशच छापला होता. पहिला सूर सोडून पुढच्या प्रत्येक सुरासाठी 'वर', 'खाली' किंवा 'तोच' एवढंच लिहायचं आणि वर्णक्रमाने पान उघडायचं. सरगम येत नसलेल्यालाही जमेल अशी ही युक्ती मला फार आवडते. तिची मर्यादा मात्र उघड आहे. कोशात मुळात जी चाल नाही ती त्यातून सापडणार नाही, आणि आपल्याकडच्या चालींशी त्या कोशाला काही देणंघेणं नव्हतं.

मग मी दुसरी वाट धरली. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून आबांची चाल गुणगुणायला लावली आणि मोबाइलवर रेकॉर्ड केली. सगळ्यांना एकत्र बसवलं तर जो सर्वांत मोठ्याने गातो त्याचीच चाल सगळ्यांची होते, हे भजनी मंडळात बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. एकेकट्याचं ऐकलं की जे सर्वांत सारखं येतं तो चालीचा सांगाडा, आणि जे फक्त एकाच्यात येतं ते त्या माणसाच्या आठवणीने घातलेलं मांस. पहिली ओळ सगळ्यांची सारखी निघाली. दुसऱ्या ओळीत चौघांची चार तोंडं. पण ओळ संपताना तीन तुटक, आखूड फुंकरा मात्र सगळ्यांनी मारल्या, अगदी लहानपणीच अमेरिकेला गेलेल्या चुलत बहिणीनेसुद्धा.

नाट्यपदाची शक्यता त्या तीन फुंकरांनीच मागे पडली. तरी जुनी नाटकाची पुस्तकं चाळून घेतली, कारण त्यांत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि मूळ चालीचं नाव छापलेलं असतं. चाल शोधणाऱ्याला ही सोय दुसऱ्या कुठल्या संगीतात क्वचितच मिळेल. हाती काही लागलं नाही.

मामेभावाचं खरं होतं, पण अर्धंच. पहिली ओळ 'मधुमती'तल्या 'दिल तडप तडप के'ची होती. सिनेमा १९५८चा, दिग्दर्शक बिमल रॉय, शब्द शैलेंद्रचे, संगीत सलील चौधरींचं, आवाज मुकेश आणि लताबाईंचा. शोध इथंच संपला असता. पण आत्याने मधेच म्हटलं, "अरे, माझ्या बारशालासुद्धा आबा तीच शिट्टी वाजवत होते म्हणे. आजी रागावली होती." आत्याचा जन्म १९५२चा. आणि त्या तीन फुंकरा? शैलेंद्रच्या शब्दांत त्यांना जागा नाही.

सलीलदांना पाश्चात्त्य संगीताचं वेड लहानपणापासूनचं. आसामातल्या चहाच्या मळ्यात वडील डॉक्टर, आणि घरात सिंफनींच्या तबकड्या. १९६१च्या 'छाया'त त्यांनी मोझार्टची चाळिसावी सिंफनी 'इतना ना मुझसे तू प्यार बढा'मध्ये आणली, हे सर्वश्रुत आहे. 'दिल तडप'चं मूळ मात्र सिंफनीत नाही, पोलंडमधल्या सायलीशिया प्रांताच्या लोकगीतात आहे. गाण्याचं नाव 'श्वा जेवेच्का'. एक मुलगी हिरव्या रानात जाते, तिला देखणा शिकारी भेटतो. ती त्याला लोणी-पाव दिला असता म्हणते, पण तो तिने आधीच खाऊन टाकलाय! आणि ओळीच्या शेवटी गाणारे सगळे तीनदा हसतात: हा, हा, हा. लोकगीत प्रथम ऐकलं तेव्हा हे हसणं आलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

कोल्हापूरकर असाल तर पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वळिवडे!

थोडक्यात इतिहास असा. १९३९मध्ये सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्व भाग घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. १९४१च्या करारानंतर सुटलेले अनेक जण इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतले काही हजार हिंदुस्थानात आले.

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरच्या वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश राहत होते. बायका आणि मुलंच जास्त. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, स्काउटांची पथकं, नाटकं, नाच, असं एक गावच होतं ते. पोलिश मंडळी गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. ठोक भावात कापड घ्यायला आपण जातो ना, तेच. तिथल्या गल्ल्यांतून मी मुद्दाम हिंडलो. साड्यांच्या गठ्ठ्यांआडून जुनी बराक शोधणं हा माझा छंदच झालाय आणि दुकानदार आता मला गिऱ्हाईक समजत नाहीत. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे. कोल्हापूरच्या शाळेत हा धडा आम्हाला कोणी शिकवला नाही, याची मला अजून चीड येते.

वळिवड्यात राहणारे बहुतेक पूर्व पोलंडचे आणि गाणं सायलीशियाचं, म्हणजे दुसऱ्या टोकाचं. पण शाळा आणि स्काउट यांच्या तोंडी असली गाणी प्रांत ओलांडतात. आपल्याकडे कोकणातलं गाणं विदर्भातल्या स्नेहसंमेलनात येतंच की.

आता आबा. १९४४मध्ये ते सोळा वर्षांचे होते आणि शाहूपुरीतल्या एका किराणा कंत्राटदाराकडे नोकरीला होते. त्याच्या गाड्या वळिवड्याला माल पोचवायच्या, हे आबांच्या धाकट्या भावाने सांगितलं. आबा तिथं किती वेळा गेले, कोणाचं गाणं ऐकलं, हे त्यालाही सांगता येत नाही. "पोरं गात रांगेनं चालायची, एवढं दादा बोलायचा," असं मात्र तो म्हणाला.

पुरावा म्हणून हे कितपत टिकेल? आत्याची आठवण ऐकीव आहे. लोकप्रिय सिनेमाचं गाणं जुन्या आठवणीवर चढून बसतं, आणि 'मधुमती'नंतर आबांची पहिली ओळ थोडी सिनेमाकडे झुकलीही असेल. सिनेमाच्या आधी कोणी वहीत सूर लिहून ठेवले असते तर वाद मिटला असता, पण तसं झालेलं नाही. माझा भरवसा त्या तीन फुंकरांवर आहे. सिनेमा पाहून शिट्टी शिकलेल्या माणसाने शैलेंद्रच्या ओळीमागे नेमकं ते हसणं स्वतःहून जोडलं असेल, हे मला पटत नाही. मामेभावाला पटतं. तो म्हणतो, आबांना ओळ संपल्यावर दम लागत असणार.