पर्यवेक्षणाची वाटणी

कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची सत्र परीक्षा सहा दिवस चालते असे धरू. रोज आठ खोल्यांवर आठ पर्यवेक्षक आणि दोन राखीव, म्हणजे एकूण साठ पाळ्या. शिक्षक वीस, तेव्हा प्रत्येकी तीन. पण त्याच वेळी बारावीचे तास चालू असतात आणि गणित तिथेच अडते. भौतिकशास्त्राच्या बाई चार दिवस वर्गावर असतील, तर त्यांना दोनच दिवस मोकळे. हजेरीपटाच्या क्रमाने नावे भरत गेलात, तर त्यांची पाळी येईपर्यंत ते दोन दिवस भरून गेलेले असतात. मग एक तर त्यांचा तास बुडतो, नाहीतर कुणाला तरी आयत्या वेळी पळावे लागते.

म्हणून ज्यांचे मोकळे दिवस सर्वांत कमी, त्यांची नावे आधी भरावीत. स्वतःच्या विषयाच्या पेपरला कुणालाही नेमू नये. बाईंची उरलेली तिसरी पाळी दुसऱ्याला द्यावी लागेल. ती वहीत नोंदवून पुढच्या सत्रात फेडून घ्यावी. पेपर कमी-जास्त वेळाचे असतील तर पाळ्यांऐवजी तास मोजावेत. परीक्षा विभागाने हा तक्ता शिक्षक खोलीत सर्वांना दिसेल असा लावावा.