न्यू हॅम्पशायरची अकरा टक्क्यांची आघाडी

नोव्हेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला काही दिवस उरले असताना, न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या शेवटच्या जनमत चाचणीत हिलरी क्लिंटन त्या राज्यात ११ टक्क्यांनी पुढे होत्या. प्रत्यक्षात क्लिंटन तिथे जिंकल्या, पण अवघ्या २,७३६ मतांनी. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पुढे त्याच चाचणीची तीच उत्तरे पुन्हा मोजली गेली. एकही नवा फोन केला नाही, एकही उत्तर बदलले नाही. हिशेबात फक्त उत्तर देणाऱ्यांचे शिक्षण धरले आणि ११ टक्क्यांची आघाडी विरून बरोबरी दिसू लागली.

हा हिशेब म्हणजे पश्च-स्तरीकरण. सर्वेक्षण झाल्यावर उत्तरे देणाऱ्यांचे गट पाडायचे, त्या गटांचे लोकसंख्येतले खरे प्रमाण जनगणनेसारख्या भरवशाच्या आकड्यांशी ताडून पाहायचे आणि जो गट कमी आला असेल त्याच्या प्रत्येक माणसाला जास्त वजन द्यायचे, जास्त आला असेल त्याला कमी. वजन काढायला एक भागाकार पुरतो: लोकसंख्येतला वाटा भागिले नमुन्यातला वाटा.

समजा, एका काल्पनिक राज्यात १,००० मतदारांनी उत्तरे दिली. त्यातले ५०० पदवीधर निघाले, पण राज्यात पदवीधर आहेत ३५ टक्केच. मग प्रत्येक पदवीधराचे वजन ३५ भागिले ५०, म्हणजे ०.७. पदवी नसलेल्या प्रत्येकाचे ६५ भागिले ५०, म्हणजे १.३. आता पदवीधरांपैकी ५५ टक्के आणि इतरांपैकी ४३ टक्के एका उमेदवाराच्या बाजूने असतील, तर वजन न देता तिला ४९ टक्के मते दिसतात आणि वजन दिल्यावर ४७.२. जेमतेम दोन टक्क्यांचा हा फेर लहान वाटतो. पण लढत दोघांतच असेल, तर एकीची घट ही दुसऱ्याची वाढ असते. दोघांमधले अंतर ३.६ टक्क्यांनी बदलते. चुरशीच्या राज्यात तेवढ्याने विजेता बदलतो.

अमेरिकेत फोनवर चाचणी घेणाऱ्यांना एक गोष्ट फार वर्षांपासून ठाऊक आहे: शिकलेली माणसे प्रश्नांना उत्तरे द्यायला अधिक तयार असतात. म्हणजे जवळपास प्रत्येक नमुन्यात पदवीधर प्रमाणाबाहेर येतात. तरीही राज्यांमधल्या अनेक चाचण्या वय, लिंग, वंश यांवर वजन देत आणि शिक्षण सोडून देत. हा निष्काळजीपणा म्हणता येईल, पण त्यामागे अनुभवही होता. २०१२ पर्यंत शिक्षण आणि मत यांचे नाते सरळ रेषेत नव्हते. सर्वात कमी शिकलेले आणि सर्वात जास्त शिकलेले, दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाकडे अधिक झुकत; मधले रिपब्लिकन पक्षाकडे. नमुन्यात एका टोकाची माणसे जास्त आणि दुसऱ्या टोकाची कमी आली, तरी चुका एकमेकींना खाऊन टाकत आणि अंदाज बरोबर येई. न्यू हॅम्पशायरच्या चाचणीकर्त्यांनीही नंतर हेच सांगितले, की आजवर शिक्षण न धरता आमचे चांगले चालले होते.

२०१६ मध्ये ती वक्ररेषा, विशेषतः गोऱ्या मतदारांत, सरळ झाली. शिक्षण जितके कमी तितका ट्रम्प यांच्याकडे ओढा, जितके जास्त तितका क्लिंटन यांच्याकडे. नमुन्यातला असमतोल जुनाच होता, पण आता तो पूर्णपणे एका बाजूला झुकला. मला या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. एखादा निकष वजनासाठी आवश्यक ठरतो तो दोन नात्यांमुळे. कोण उत्तर देते याच्याशी त्याचा संबंध हवा आणि उत्तर काय येते याच्याशीही हवा. पहिले नाते वर्षानुवर्षे होते. दुसरे चार वर्षांत बदलले आणि जुनी, तोवर यशस्वी ठरलेली पद्धत त्याच जागी फसली.

मग सगळेच निकष का धरू नयेत? याचेही उत्तर त्याच निवडणुकीत मिळते. लॉस एंजेलिस टाइम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या चाचणीत सुमारे ३,००० माणसे होती आणि त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारले जाई. वजनासाठी तिने फार बारीक गट पाडले होते. त्यात इलिनॉयमधला एक १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता. त्याच्यासारखे फारच थोडे सापडल्यामुळे त्याचे वजन सरासरी माणसाच्या ३० पटींपर्यंत गेले. ३,००० मध्ये ३० म्हणजे तब्बल एक टक्का. तो ट्रम्प समर्थक होता. त्याने उत्तर दिले की देशभराचा आकडा हलायचा आणि कृष्णवर्णीयांमध्ये ट्रम्प यांचा पाठिंबा अचानक दोन आकडी टक्क्यांत गेल्यासारखा दिसायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नेट कोन यांनी हे उघड केले. या चाचणीने शेवटी ट्रम्प यांना तीन टक्क्यांनी पुढे दाखवले आणि ते अध्यक्ष झाले, म्हणून तिचे कौतुकही झाले. पण ती मोजत होती देशभरातली एकूण मते, आणि त्यांत क्लिंटन दोन टक्क्यांनी पुढे होत्या.

वजनाची ही किंमत मोजता येते. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाचे सूत्र असे: सगळ्या वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज. वरच्या काल्पनिक चाचणीत ते १०,००,००० भागिले १,०९० येते, म्हणजे सुमारे ९१७. आपण विचारले हजारांना, पण अचूकता ९१७ जणांना विचारल्याइतकी. हे नुकसान किरकोळ आहे आणि त्या बदल्यात झुकाव जातो, म्हणून सौदा चांगला. मात्र काही जणांची वजने दहा, वीस, तीस होऊ लागली की हा परिणामकारक नमुना झपाट्याने घसरतो. म्हणून अनेक संस्था वजनाला कमाल मर्यादा घालतात आणि थोडा झुकाव सहन करतात. कुठे थांबायचे याचे एकच उत्तर नाही. २०१६ च्या सप्टेंबरात फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची एकच कच्ची माहिती न्यूयॉर्क टाइम्सने चार जाणकार चमूंना दिली. वृत्तपत्राचा स्वतःचा आकडा धरून पाच अंदाज आले. ते क्लिंटन चारने पुढे इथपासून ट्रम्प एकने पुढे इथपर्यंत पसरले होते.

भारतात अडचण याच्याही आधी सुरू होते. भागाकारात वर जो आकडा लिहायचा, तो खरा असावा लागतो. आपली पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ ची. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात पदवीधर किती, हे त्या आकड्यांवरून ठरवले, तर नंतर कॉलेजातून बाहेर पडलेली सगळी पिढी हिशेबातून सुटते. जुन्या प्रमाणावर काटेकोर वजन दिले, तरी नमुना जुन्या महाराष्ट्राशीच जुळतो.

आणि आकडे ताजे असले तरी या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतक उरतेच: एका गटात ज्यांनी उत्तर दिले, ते त्याच गटातल्या उत्तर न देणाऱ्यांसारखेच असतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक चाचण्यांनी शिक्षण धरले होते. तरीही राष्ट्रीय चाचण्यांची चूक ४० वर्षांत सर्वात मोठी निघाली. जनमत संशोधकांच्या संघटनेच्या समितीला उपलब्ध माहितीवरून कारण पक्के करता आले नाही. पण पदवी नसलेल्यांतही फोन उचलणारे आणि न उचलणारे वेगळी मते देत असतील, तर शिक्षणाचे वजन तिथे काहीच करू शकत नाही. त्यानंतर अनेक संस्था उत्तरदात्याने मागच्या वेळी कोणाला मत दिले, यावर वजन देऊ लागल्या. त्यातही जुनी मेख आहे. हरलेल्याला मत दिलेले काही जण नंतर जिंकलेल्याला दिले असे सांगतात, किंवा मत दिलेच नाही म्हणतात. लॉस एंजेलिस टाइम्सच्या त्या चाचणीनेही मागच्या मताचा निकष धरला होता, आणि कोन यांनी तिच्या झुकावाचे एक कारण म्हणून त्याच निकषाकडे बोट दाखवले होते.